मदत नेमकी कशाला म्हणायची?

1976 साली 'जर्नल ऑफ चाइल्ड सायकॉलॉजी अँड सायकिॲट्री' या नियतकालिकात एक बारा पानी निबंध छापून आला. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस हे त्याचे लेखक. एखादे काम मुलाला एकट्याने जमत नसेल तर मोठे माणूस त्याला नेमकी कशी मदत करते, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्या मदतीला 'स्कॅफोल्डिंग' असे नाव दिले. इमारत उभी राहीपर्यंत परांची असते, काम झाले की ती सोडून नेतात. मदतही तशीच, काढून घेण्यासाठीच दिलेली. आज शिक्षणशास्त्राच्या असंख्य प्रबंधांत हा निबंध आणि लेव्ह व्हिगॉट्स्की यांची नावे एकाच वाक्यात येतात. एकाने बीज पेरले आणि दुसऱ्यांनी पीक काढले, असे वाचणाऱ्याला वाटते. मूळ निबंध उघडला तर त्यात व्हिगॉट्स्कीचा उल्लेखही सापडत नाही.

ब्रूनरला व्हिगॉट्स्की ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. व्हिगॉट्स्कीच्या 'विचार आणि भाषा' या ग्रंथाचा पहिला इंग्रजी अनुवाद 1962 मध्ये निघाला, त्याची प्रस्तावना ब्रूनरचीच आहे. पण स्कॅफोल्डिंग आणि व्हिगॉट्स्कीचे 'निकट विकासाचे क्षेत्र' या दोन कल्पनांची सोयरीक नंतर जुळली. पुढे ब्रूनरनेही दोन्हींबद्दल एकत्र लिहिले आणि ती जोडी पक्की झाली.

विज्ञानाच्या तासाला शिक्षक कशी मदत करतात, यावर पीएच.डी. करू पाहणाऱ्या संशोधकाला इथेच पहिली ठेच लागते. प्रबंधात 'सैद्धांतिक चौकट' नावाचे एक प्रकरण लिहावे लागते. बहुतेक वेळा ते व्याख्यांची माळ होऊन बसते: व्हिगॉट्स्की काय म्हणाला, ब्रूनर काय म्हणाला, अमुक साली तमुक काय म्हणाले. पाच-पन्नास पाने झाली की प्रकरण संपते आणि पुढच्या प्रकरणात संशोधक वर्गात जाऊन बसतो तेव्हा त्याच्या हातात त्या पन्नास पानांतले काहीच नसते. वास्तविक चौकटीचे काम अगदी रोखठोक आहे. वर्गात दिवसभरात शिक्षक हजार वाक्ये बोलतात. त्यातले कुठले वाक्य 'मदत' म्हणून मोजायचे, कुठले सोडून द्यायचे आणि मोजलेल्यातली कुठली मदत चांगली, हे त्या प्रकरणाने आधी ठरवून द्यायचे असते.

त्यासाठी आधी व्हिगॉट्स्कीकडे नीट पाहावे लागते. त्याचा जन्म 1896 सालचा, आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावचा. 1934 च्या जूनमध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, क्षयाने तो गेला. निकट विकासाच्या क्षेत्राबद्दल तो आयुष्याच्या अगदी शेवटी बोलू-लिहू लागला. त्यामुळे या कल्पनेवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ नाही. काही व्याख्याने आहेत आणि 'विचार आणि भाषा'मधली थोडी पाने आहेत. 1936 मध्ये सोव्हिएत सरकारने बालअध्ययनाच्या त्या वेळच्या शास्त्रावरच बंदी आणली आणि त्याची पुस्तके सुमारे वीस वर्षे बाजूला पडली. जगाला ही कल्पना प्रामुख्याने कळली ती 1978 साली अमेरिकेत निघालेल्या 'माइंड इन सोसायटी' या पुस्तकातून, आणि तेही संपादकांनी त्याच्या निरनिराळ्या लेखनातून निवडून-जुळवून तयार केलेले. इतक्या अपुऱ्या पानांवर इतका मोठा डोलारा उभा राहिला की प्रत्येकाला आपापला व्हिगॉट्स्की सापडावा, यात नवल नाही.

त्याचे स्वतःचे उदाहरण मात्र स्वच्छ आहे. दोन मुले बुद्धिमापन चाचणीत आठ वर्षांच्या पातळीची ठरतात. परीक्षकाच्या लेखी दोघे सारखेच. आता परीक्षक थोडी मदत करतो: उत्तराची सुरुवात करून देतो, एखादा सूचक प्रश्न विचारतो. अशा मदतीने एक मूल बारा वर्षांच्या पातळीची गणिते सोडवते, तर दुसरे नवाच्या पातळीवर अडते. एकट्याने जे जमते आणि मदतीने जे जमते त्यांच्यातले हे अंतर म्हणजे निकट विकासाचे क्षेत्र. पहिल्याचे चार वर्षांचे, दुसऱ्याचे एका वर्षाचे. व्हिगॉट्स्कीचा रोख त्या काळच्या चाचण्यांवर होता. त्या फक्त पिकलेले मोजतात. पिकू घातलेल्याचा त्यांना पत्ता नसतो, असे त्याचे म्हणणे होते.

या उदाहरणातली एक गोष्ट प्रबंधांतून हमखास सुटते. व्हिगॉट्स्की विकासाबद्दल बोलत होता, कुठल्याही कौशल्याबद्दल नव्हे. डॅनिश विद्यापीठात काम केलेल्या सेथ चैकलिन या अभ्यासकाने 2003 मध्ये यावर एक सविस्तर लेख लिहिला. सायकल चालवणे, बुटाची नाडी बांधणे किंवा सूक्ष्मदर्शकाची काच पुसणे, यातले काहीही मदतीने शिकता येते. पण म्हणून प्रत्येकाला 'निकट विकासाचे क्षेत्र' म्हणणे व्हिगॉट्स्कीला अभिप्रेत नव्हते, असा त्याचा मुद्दा आहे. त्या त्या वयात मुलाच्या विचाराची रचनाच बदलू पाहत असते आणि शाळेच्या वयात तो बदल घडवण्यात मोठा वाटा असतो तो शास्त्रीय संकल्पनांचा.

विज्ञानाच्या तासाचा अभ्यास करणाऱ्याला चौकट इथूनच मिळते. व्हिगॉट्स्कीने दोन प्रकारच्या संकल्पना वेगळ्या केल्या. काही अनुभवातून आपोआप बनतात. 'भाऊ' म्हणजे कोण हे मुलाला रोजच्या जगण्यातून पक्के माहीत असते, पण व्याख्या विचारली की ते गडबडते. उलट आर्किमिडीजचा नियम ते शाळेत शब्दांतून शिकते. व्याख्या बरी सांगते, पण तिच्यात अनुभवाचा जीव नसतो. रोजच्या संकल्पना खालून वर चढतात, शास्त्रीय संकल्पना वरून खाली उतरतात आणि दोन्ही एकमेकींना भिडतात तेव्हा मुलाचा विचार बदलतो. शिक्षकाच्या मदतीने हे भिडणे घडते का, हाच विज्ञानाच्या तासापुरता खरा प्रश्न.

आता दुसरी बाजू, 1976 च्या निबंधाची. तिथला प्रयोग अगदी साधा होता. तीन, चार आणि पाच वर्षांची मिळून तीस मुले. लाकडाचे 21 ठोकळे, जे खुंट्या आणि खाचा जुळवून एकमेकांत बसवले की मनोरा तयार होतो. आणि मदतीला एक शिक्षिका. मुलाला जितके स्वतः करता येईल तितके करू द्यायचे, असे तिने आधीच ठरवलेले होते. तीन वर्षांच्या मुलांना तोंडी सूचना देऊन फारसा उपयोग होत नव्हता. त्यांना आधी खेळात ओढावे लागे आणि मग करून दाखवावे लागे. चार वर्षांच्यांना बोलून चूक दाखवता येत होती. पाच वर्षांची मुले तिच्याकडे बघत ती मुख्यतः 'बरोबर ना?' एवढे विचारायला. यातून लेखकांनी मदतीची सहा कामे नोंदवली: मुलाला कामात ओढणे, काम सोपे करून पुढ्यात ठेवणे, लक्ष भरकटू न देणे, महत्त्वाचा भाग दाखवून देणे, वैताग आवरायला मदत करणे आणि करून दाखवणे.

ही सहा कामे प्रबंधांत यादी म्हणून हमखास येतात, पण त्यांच्या मागचा प्रसंग येत नाही. तिथे एक मूल आणि एक शिक्षिका होती, उत्तर ठरलेले होते आणि बैठक एकच होती. विज्ञानाच्या तासाला चाळीस मुले असतात, उत्तराला अनेक वाटा असतात आणि एकच संकल्पना तीन-चार आठवडे चालते. शिवाय ठोकळ्यांचा मनोरा ही काही शास्त्रीय संकल्पना नव्हे. म्हणून व्हिगॉट्स्की आणि वुड-ब्रूनर-रॉस यांना एका वाक्यात बसवून भागत नाही. मधला पूल संशोधकालाच बांधावा लागतो. एकाकडून 'मदत कशासाठी' हे घ्यायचे आणि दुसऱ्यांकडून 'मदत कशी', आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत ते उघड लिहायचे.

'मदत कशी' हे मोजण्याचे सगळ्यांत उपयोगी हत्यार डेव्हिड वुडच्याच कामात आहे. डेव्हिड मिडलटन याच्यासह त्याने 1975 मध्ये आई आणि चार वर्षांचे मूल अशा जोड्यांचा अभ्यास केला होता. मदतीच्या त्यात पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नुसते उत्तेजन असते, 'पुढे बघ काय करता येतं.' दुसरीवर नेमकी तोंडी सूचना. तिसरीवर कुठली वस्तू घ्यायची ते दाखवून देणे. चौथीवर ती वस्तू जोडायला तयार करून देणे. पाचवीवर सरळ करून दाखवणे. नियम असा की मूल अडले तर एक पाऊल जास्त मदत करायची आणि मूल यशस्वी झाले तर मदत कमी करायची. ज्या मुलांच्या आया हा नियम जास्त पाळत होत्या, ती मुले नंतर एकट्याने जास्त चांगले काम करत होती.

हा नियम वर्गात नेला की काय होते, ते बघण्यासाठी एक काल्पनिक तुकडा घेऊ. सहावीचा वर्ग, एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब, एक तार. काम एवढेच की बल्ब लावायचा. मुलीचे नाव सायली समजू.

बाई म्हणतात, "बघ बरं, लागतो का." ही पहिली पायरी. सायली बल्बचे टोक सेलच्या वरच्या टोकावर ठेवते, तार हातातच राहते. बल्ब लागत नाही. बाई म्हणतात, "सेलला दोन टोकं असतात ना? खालचं वापरलंस का तू?" ही दुसरी पायरी. सायली तारेचे एक टोक सेलच्या बुडाशी धरते आणि दुसरे बल्बच्या काचेला टेकवते. पुन्हा अंधार. मग बाई बल्बचा धातूचा घेर बोटाने दाखवतात, "हा भाग घे. तार इथे टेकव." ही तिसरी पायरी. बल्ब लागतो. बाई म्हणतात, "छान. आता ही आणखी एक तार घे. बल्ब सेलला लावायचा नाही आणि तरी पेटला पाहिजे. कसं ते तुझं तू ठरव." पुन्हा पहिली पायरी. सायली दोन्ही तारांची टोके धातूच्या घेरालाच लावते. बल्ब लागत नाही. बाई पटकन तिच्या हातातून तारा घेतात आणि एक तार टोकाला, एक घेराला अशी स्वतः जोडून दाखवतात. पाचवी पायरी.

आता हे मोजायचे. बाईंच्या मदतीत चार बदल झाले: एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर, तीनवरून एकवर आणि एकवरून पाचवर. सैल नियम लावला, म्हणजे 'अडली तर वाढव, जमले तर कमी कर' एवढेच पाहिले, तर चारही बदल बरोबर ठरतात. बाई शंभर टक्के मुलीच्या अडचणीप्रमाणे वागल्या. कडक नियम लावला, म्हणजे एका वेळी एकच पायरी बदलायची, तर पहिले दोन बदल बरोबर आणि शेवटचे दोन चूक ठरतात. त्याच बाई, तोच तास आणि गुण अर्धे. कुठला नियम लावायचा हे वर्गात बसलेल्या निरीक्षकाने ठरवायचे नसते. ते चौकटीच्या प्रकरणात, कारणासह, आधीच लिहिलेले हवे.

कारण शोधताना विषयाचे ज्ञानही लागते. शेवटच्या प्रयत्नात सायलीने सेलची दोन्ही टोके एकाच धातूच्या घेरातून जोडली होती. त्याला शॉर्टसर्किट म्हणतात: सगळा प्रवाह बल्बची तार टाळून जातो, जोडणीची तार गरम होते आणि सेल भराभर संपतो. बाईंनी घाईने तारा घेतल्या त्या धीर सुटला म्हणून की बोट भाजू नये म्हणून? शिक्षणशास्त्राचा पण भौतिकशास्त्राशी ओळख नसलेला निरीक्षक इथे 'घाई' अशी नोंद करील आणि बाईंवर अन्याय करील. विज्ञानाच्या तासासाठी पायऱ्या बेतायच्या तर प्रत्येक प्रयोगात कुठली चूक निरुपद्रवी आहे आणि कुठली थांबवावीच लागते, याची नोंद चौकटीत असावी लागते. ठोकळ्यांच्या मनोऱ्यात ही अडचण नव्हती.

आणखी मोठा प्रश्न पुढे आहे. बल्ब लागला म्हणजे काय झाले? चैकलिनचे बोलणे मनावर घेतले तर सायलीला एक जोडणी जमली, इतकेच. शास्त्रीय संकल्पना वेगळी आहे: बंद परिपथ आणि त्यातला प्रवाह. इथे मुलांच्या मनात काय असते याचा अभ्यास 1980 च्या दशकापासून बराच झाला आहे. न्यूझीलंडच्या रॉजर ऑसबॉर्न याने मुलांच्या चार कल्पना वेगळ्या दाखवल्या. काहींना वाटते की एक तार पुरे. काहींना वाटते की दोन्ही टोकांकडून वीज येऊन बल्बमध्ये भिडते. पुष्कळ मुलांना वाटते की वीज एका बाजूने येते, बल्ब त्यातली थोडी वापरतो आणि उरलेली परत जाते. चौथी कल्पना शास्त्राची: एकाच वाटेच्या परिपथात प्रवाह सगळीकडे सारखा. तिसरी कल्पना फार चिवट आहे, आणि तिला आधारही आहे. सेल संपतो, घरी विजेचे बिल येते, म्हणजे काहीतरी खर्च होतेच की. ते खरेच आहे, पण खर्च होते ती ऊर्जा, प्रवाह नव्हे. रोजच्या अनुभवातली संकल्पना आणि पुस्तकातली संकल्पना इथे समोरासमोर येतात. व्हिगॉट्स्कीची चौकट वापरायची तर मोजमाप इथे हवे.

त्यासाठी दोन सारखे बल्ब एकापाठोपाठ जोडून विचारायचे की दुसरा मंद लागेल का. प्रवाह वापरला जातो असे मानणारी मुले 'हो' म्हणतात. शिक्षक "नाही, प्रवाह सारखाच असतो, लिहून घ्या" म्हणाले तर उत्तर मिळाले, मदत मिळाली नाही. शिक्षकांनी "वीज निघते कुठून? सेल... सेलमधून, बरोबर, आणि जाते कुठे? बल्... बल्बात, शाब्बास" असे चालवले तर संवाद झाल्यासारखा दिसतो, पण मुलांनी फक्त अर्धे शब्द पुरे केले. मराठी शाळांतून शिकलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. तिसरा मार्ग असा: "तुला असं का वाटतं? चित्र काढून दाखव." मग, "पहिल्या बल्बच्या आधी आणि नंतर मीटर लावला तर आकडे काय येतील? आधी वहीत लिही, मग लावून बघ." नेदरलँड्सच्या यानेके व्हॅन डे पोल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दहा वर्षांतल्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा स्कॅफोल्डिंगची तीन लक्षणे त्यांनी पुढे ठेवली: मुलाच्या आत्ताच्या समजेप्रमाणे बदलणारी मदत, हळूहळू काढून घेतलेली मदत आणि मुलाकडे सोपवलेली जबाबदारी. पहिल्या लक्षणाच्या आधी निदान येते, कारण मूल कुठे आहे हे न विचारता त्याच्याप्रमाणे मदत बदलणार कशी? 'असं का वाटतं?' हा प्रश्न म्हणजे ते निदान. वर्गातल्या नोंदींत नेमका हाच प्रश्न क्वचित सापडतो.

एक व्यवहारातली अडचण इथे सांगायलाच हवी. दुकानातून आणलेले दोन 'सारखे' बल्ब पुष्कळदा सारखे नसतात आणि एक खरोखरच मंद लागतो. मूल जिंकल्यासारखे हसते. अशा वेळी जाणते शिक्षक बल्बांच्या जागा बदलायला लावतात. मंद बल्ब पहिल्या जागी येऊनही मंदच राहिला, तर दोष जागेचा नाही, बल्बचा. ही जागा बदलण्याची सूचना मदतीच्या कुठल्या पायरीवर येते? पाच पायऱ्यांत ती बसत नाही, कारण ती मुलाला उत्तराच्या जवळ नेत नाही. मुलाच्याच विधानाची परीक्षा घ्यायला लावते. विज्ञानाच्या तासाच्या चौकटीत अशा मदतीला वेगळा रकाना हवा. उसनी चौकट जशीच्या तशी आणली की असे रकाने राहून जातात.

या सगळ्यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मूल शिकले तर म्हणायचे की काम त्याच्या निकट विकासाच्या क्षेत्रात होते. नाही शिकले तर म्हणायचे की क्षेत्राबाहेर होते. असा सिद्धांत कधी खोटा ठरूच शकत नाही, म्हणून तो काही सांगतही नाही. सुटका एकाच मार्गाने होते: क्षेत्र शिकवण्याआधी मोजायचे. ॲन ब्राउन आणि जोसेफ कँपिओने यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत याची पद्धत बसवली. मुलाला प्रश्न द्यायचा, अडले की आधी ठरवलेल्या क्रमाने इशारे द्यायचे, सौम्यापासून थेटापर्यंत, आणि किती इशाऱ्यांनंतर जमले ते नोंदवायचे. दोन मुले एकट्याने शून्य गुण मिळवतात, पण एकाला एक इशारा पुरतो आणि दुसऱ्याला पाच लागतात. मग शिकवण्याचे तास होतात. महिन्याभराने दोघांना मदतीशिवाय नवीन परिपथ दिला जातो. एका इशाऱ्याचे मूल पाच इशाऱ्यांच्या मुलाहून पुढे गेले नाही, तर चौकटीचे भाकीत चुकले, हे प्रबंधात लिहावे लागते. चुकू शकणारे वाक्य ज्या चौकटीत नाही तिला फक्त सजावट म्हणायचे.

राहिला चाळीस मुलांच्या वर्गाचा प्रश्न. सायलीशी बाई पाच मिनिटे बोलल्या, तोवर बाकीची मुले काय करत होती? चाळीस जणांना प्रत्येकी पाच मिनिटे द्यायची तर दोनशे मिनिटे लागतील आणि तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. म्हणून वर्गातली बरीच मदत आधी लिहून ठेवलेली असते: कार्यपत्रिका, गटकाम, फळ्यावरचे प्रश्न. या लिखित मदतीचा एक गाजलेला अभ्यास कॅथरीन मॅकनील आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. सातवीच्या 331 विद्यार्थ्यांना आठ आठवड्यांचा रसायनशास्त्राचा पाठ होता. प्रत्येक प्रयोगानंतर दावा, पुरावा आणि त्या पुराव्यावरून दावा का टिकतो याचे तर्क, असे लिहायचे होते. एका गटाच्या पत्रिकेवर शेवटपर्यंत सविस्तर सूचना होत्या. दुसऱ्याच्या पत्रिकेवरच्या सूचना हळूहळू कमी होत गेल्या. दोन्ही गट शिकले. पण सूचना नसलेल्या अंतिम परीक्षेत, काही घटकांपुरते, सूचना कमी होत गेलेल्या गटाचे तर्क अधिक भक्कम निघाले.

मदत काढून घेण्याच्या बाजूने हा चांगला पुरावा आहे, पण तो जपून वापरावा. तिथली मदत मुलाला जमते का हे पाहून कमी झाली नव्हती. वेळापत्रकाप्रमाणे झाली होती. जे मूल तिसऱ्या आठवड्यात अजून अडत होते, त्याच्याही सूचना कमी झाल्या. वुडचा नियम प्रमाण मानला तर याला स्कॅफोल्डिंग म्हणता येणार नाही, आणि तरी परिणाम दिसला. प्रामाणिक संशोधक इथे दोन वेगळी नावे देतो: आधी आखलेली मदत आणि जागच्या जागी दिलेली मदत. मग तो दोन्हींची मोजणी वेगळी ठेवतो. सगळ्याला सरसकट स्कॅफोल्डिंग म्हणणाऱ्या प्रबंधात शेवटी कार्यपत्रिकेचा गुण शिक्षकाच्या नावावर जातो, किंवा उलट.

गटातल्या मुलांनी एकमेकांना केलेल्या मदतीचेही असेच. निकट विकासाच्या क्षेत्राच्या व्याख्येत मोठ्या माणसाबरोबर अधिक जाणत्या सोबत्याचाही उल्लेख आहे. पण सहावीच्या गटात जे मूल सगळ्यांत ठामपणे बोलते ते सगळ्यांत जाणते असतेच असे नाही. 'बल्ब वीज वापरतो' हे मोठ्या आवाजात सांगणारा मुलगा गटाला मागेही नेऊ शकतो. जाणते कोण, हे आधीच्या चाचणीवरून ठरवावे लागते, आवाजावरून नव्हे.

मार्गदर्शकांसमोर चौकटीचे प्रकरण ठेवण्याआधी करायचे एक काम साधे आहे, तरी फार थोडे जण ते करतात. शिक्षकांची आणि पालकांची परवानगी घेऊन एका तासाचे ध्वनिमुद्रण करावे, ते जसेच्या तसे उतरवून काढावे आणि दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक वाक्याला चौकटीतला रकाना द्यावा. दोघांचे वारंवार पटत नसेल तर दोष निरीक्षकांचा नसून व्याख्यांचा असतो. जे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही, ते वगळू नये. त्याच्यासाठी प्रकरण पुन्हा लिहावे. संशोधन सुरू झाल्यावर मधेच रकाने बदलले तर आधीचे सगळे तास पुन्हा नव्याने मोजावे लागतात.